‘आपण भरले आहेत’ : म्हणजे तुम्ही की आपण सगळ्यांनी?

राजारामपुरीतला सभासद : आमच्या अपार्टमेंटमध्ये पाण्याची मोटर बदलली. काल सेक्रेटरींचा मेसेज आला, तो जसाच्या तसा देतो : ‘आपण मोटरीचे ५००० रुपये भरले आहेत. उरलेले आपल्याला शनिवारपर्यंत द्यायचे आहेत.’ मी समजलो, सोसायटीनं मोटरवाल्याला पाच हजार दिले आणि उरलेलेही सोसायटी देणार. शेजारच्या काकू म्हणतात, पाच हजार तू भरलेस, तुझ्या वाट्याचे उरलेले तूच द्यायचेस. दोन वाक्यं, दोनदा ‘आपण’. मराठी वाचणाऱ्यानं हे कसं ओळखायचं?

महाद्वार रोड : सोपं आहे. क्रियापदाकडं बघा. ‘आपण आलात’ म्हणजे तुम्ही, ‘आपण आलो’ म्हणजे सगळे. ‘आपण याल’, ‘आपण येऊ’. क्रियापद कधी फसवत नाही. आणि तुम्ही या अर्थाचं ‘आपण’ मुळात हिंदीच्या ‘आप’वरून आलंय, त्यामुळं ते आपल्या तोंडात बसत नाही.

मंगळवार पेठ : पेठेत ‘आपण’ म्हणजे मी! ‘आपण काय कुणाला भीत नाही’ असं म्हणणारा एकटाच उभा असतो. ‘आपल्याला नाही पटत’ म्हणजे मला पटत नाही. सेक्रेटरी स्वतःबद्दल बोलत असतील, त्यांनीच भरले असतील पैसे.

मुद्रितशोधक, शाहूपुरी : पेठेतला ‘आपण’ खरा आहे, पण तो बोलण्यातला, छाती पुढं काढून म्हणायचा. हिशेबाच्या मेसेजात सेक्रेटरी तसं लिहिणार नाहीत.

महाद्वार रोडनं सांगितलेली खूण बरोबर आहे, पण ती अर्ध्या वाक्यांनाच लागू पडते. ‘आलात’ आणि ‘आलो’ मध्ये क्रियापद कर्त्याच्या मागून चालतं, म्हणून कर्ता कोण ते शेवटच्या अक्षरात कळतं. आता ‘पैसे भरले आहेत’ बघा. इथं क्रियापद पैशांच्या मागून चाललंय. तुम्ही भरा, मी भरा, सगळ्या बिल्डिंगनं भरा, ‘पैसे भरले आहेत’ मध्ये काहीच बदलत नाही. पाणीपट्टी असती तर ‘भरली आहे’ झालं असतं, तेही पट्टीमुळं. दुसऱ्या वाक्यात ‘आपल्याला द्यायचे आहेत’, तिथंही तसंच. म्हणजे या मेसेजात व्याकरण दोन्ही ठिकाणी गप्प आहे. तुम्ही आणि काकू दोघांचंही वाचन भाषेच्या दृष्टीनं चालतं.

‘आपण’ हिंदीतून आला हे मात्र मला पटत नाही. आपला ‘आपण’ आणि हिंदीचा ‘आप’ दोन्ही संस्कृत ‘आत्मन्’ पासून प्राकृतातून खाली आलेत. ती भावंडं आहेत, एकाची उसनवारी दुसऱ्यानं केलेली नाही. ‘त्यानं कळवलं की आपण येणार नाही’ या वाक्यातला ‘आपण’ म्हणजे तो स्वतः. मूळचा ‘स्वतः’ हा अर्थ तिथं अजून जिवंत आहे.

महाद्वार रोड : ठीक, पण मग ‘त’ लावा की. ‘आपण पैसे भरलेत’ म्हटलं की तुम्हीच. ‘तुम्ही अर्ज भरलात’ म्हणतोच ना आपण.

मुद्रितशोधक, शाहूपुरी : ‘अर्ज भरलात’ ला चालतं. ‘फी भरलीत’ लाही चालतं. पण पैशांना तो ‘त’ दगा देतो. ‘भरले आहेत’ झटक्यात म्हटलं की त्याचंही ‘भरलेत’ होतं. ‘आपण पैसे भरलेत’ मध्ये तो ‘त’ तुमचा की ‘आहेत’चा, कानाला कळत नाही. ‘पत्रं पाठवलीत’ चंही तेच. वस्तू अनेक असल्या की ‘त’ वर विसंबू नये. शिवाय बोलताना आपण कोल्हापूरकर तो ‘त’ पुष्कळदा खातो. ‘तुम्ही अर्ज भरला का?’ असंच विचारतो, त्यामुळं ‘त’ नाही म्हणून ‘तुम्ही’ नाही, असंही ठरवता येत नाही.

गडहिंग्लज : माझ्या घरातलं सांगते. सून संकेश्वरकडची, माहेरची भाषा कानडी. नवीन असताना ताटं मांडून म्हणायची, ‘आत्ती, आम्ही जेवूया का?’ मला वाटायचं, ही आणि माझा मुलगा जेवणार, मी मागनं. दोन-तीन वेळा मी गप्प बसले, मग एकदा विचारलं, ‘अगं, मी नको काय पंगतीला?’ तेव्हा उलगडलं. कानडीत ‘नावु’ एकच. ऐकणारा धरूनही नावु, सोडूनही नावु. आपल्याकडं धरला तर आपण, सोडला तर आम्ही. उलट मान द्यायचा ‘आपण’ तिला पहिल्या दिवशी कळला, कारण त्यांच्यात ‘तावु’ आहे, तो मानाचा तुम्ही पण आणि ‘स्वतः’ पण. आता ती ‘आपण जेवूया’ म्हणते. पण तुमच्या मोटरीचं काय ते मला कळलं नाही बाई.

राजारामपुरीतला सभासद : वहिनी, तुमच्या सुनेची अडचण आणि माझी अडचण एकमेकींच्या उलट आहेत, पण उपयोगाचं सांगितलंत. सेक्रेटरींना मला सोडून फक्त समिती म्हणायची असती, तर ‘आम्ही भरले’ लिहिलं असतं. म्हणजे ‘आपण’ मध्ये मी आहेच. एकटा आहे की सगळ्यांसोबत, एवढाच प्रश्न. ‘सर्व’ घालून विचारू का?

मुद्रितशोधक, शाहूपुरी : ‘सर्व’ नको. ‘आपण सर्वांनी अगत्य यावे’ असं लग्नपत्रिकेत छापतो, त्यात बोलावणारा कुठं असतो? ‘आपण उभयतांनी यावे’ तेही ‘तुम्ही दोघं’च. माझ्याकडं पत्रिका, नोटिसा येतात तेव्हा मी वाक्य मनात भविष्यकाळात फिरवतो. ‘आपण भराल’ की ‘आपण भरू’? तिथं क्रियापद पुन्हा कर्त्यामागं जातं, आणि लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते त्याला स्वतःलाच कबूल करावं लागतं. ‘भरणार’ वर मात्र थांबू नये. ‘आपण उद्या भरणार’ एवढ्यात कळत नाही, पुढं ‘आहात’ की ‘आहोत’ ते लिहायला लावावं.

वाचणाऱ्यानं विचारताना ‘आपण’ शब्दच टाळावा. ‘उरलेले मी एकट्यानं द्यायचे, की सोसायटीच्या खात्यातून जाणार?’ ‘आपण द्यायचे का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘होय’ येईल आणि तुम्ही होता तिथंच राहाल.

राजारामपुरीतला सभासद : तसंच विचारलं. उत्तर आलं : ‘तुमचे ५००० जमा. तुमच्या वाट्याचे १२०० राहिलेत.’ काकू बरोबर होत्या. मी सेक्रेटरींना म्हटलं, पुढच्या वेळी ‘तुम्ही’ लिहा. ते म्हणाले, ‘वयानं मोठ्यांनाही हाच मेसेज जातो, तुम्ही लिहिलं तर रोखठोक वाटतं.’

गडहिंग्लज : ‘तुम्ही’त काय कमी मान आहे? आमच्याकडं सासऱ्यांनाही तुम्हीच म्हणतात. तोंडानं ‘आपण’ मी फक्त स्टेजवरनं ऐकते.

मंगळवार पेठ : आणि आमचे तालमीतले वस्ताद म्हणतात, ‘आता आपण शंभर जोर मारूया.’ मारतो आम्हीच, ते बसलेले असतात. याला कुठला ‘आपण’ म्हणायचं?

मुद्रितशोधक, शाहूपुरी : क्रियापद ‘मारूया’, म्हणजे व्याकरणानं ते तुमच्यात आहेत. दवाखान्यातही ‘आपण गोळी बदलूया’ म्हणतात. मी याला सगळ्यांचाच ‘आपण’ धरतो, फक्त आज्ञा मवाळ करायला वापरलेला.

महाद्वार रोड : मी नाही धरत. वस्ताद उठत नाहीत तोवर तो ‘तुम्ही’च.