रिकर्शन ट्री काढली, तर प्रूफ झालं का?

प्रणव_धरमपेठ: पेपरात T(n) = T(n/3) + T(2n/3) + n सोडवायचं होतं. मी ट्री काढली, O(n log n) लिहिलं, तरी दहापैकी पाचच मार्क. सर म्हणतात ट्री म्हणजे प्रूफ नाही, सब्स्टिट्यूशन करायचं होतं. हे बरोबर आहे का? माझ्या मते ट्री पुरे व्हायला हवी.

गेट_चालू: सर बरोबर आहेत भाऊ. ट्री म्हणजे अंदाज, इंडक्शन म्हणजे प्रूफ. आणि दोन ओळींत होतं. T(n) ≤ cn धर. मग T(n) ≤ cn/3 + 2cn/3 + n = (c+1)n. झालं O(n). तुझ्या ट्रीतून उगाच जास्त आलं.

महालकर: थांबा. इंडक्शनमध्ये cn सिद्ध करायचं होतं, हातात आलं (c+1)n. c एकदा ठरवला की बदलता येत नाही. शेवटी मोठ्या O ची चादर टाकून तो 1 झाकता येणार नाही, कारण एक पायरी वर गेलं की c+2 होईल, मग c+3. हा वाढत जाणारा 1 म्हणजेच ट्रीतल्या एकेका लेव्हलचा खर्च. लेव्हल log n च्या पटीत असतात, म्हणून log n येतो.

n = 81 घेऊन मांडा. पहिल्या फोडीत 27 आणि 54. दुसऱ्या लेव्हलला 9, 18, 18, 36. बेरीज पुन्हा 81. चौथ्या लेव्हलला सर्वांत डावीकडे 1 आणि सर्वांत उजवीकडे 16 उरतात, बेरीज अजूनही 81. पाचवीला ती 80 होते, कारण डावी फांदी संपली. म्हणजे log₃ n पर्यंत प्रत्येक लेव्हल पूर्ण n ची, आणि सर्वांत लांब उजवी फांदी log₃⸝₂ n पर्यंत जाते. वरची मर्यादाही मिळाली, खालचीही. प्रणवनं हे दोन्ही लिहिलं असेल तर पाच मार्क कमीच आहेत.

सॉर्ट_का_अडतो: माझंही असंच झालं. पायथनमध्ये क्विकसॉर्ट लिहिला, आधीच सॉर्ट असलेली यादी दिली की `RecursionError`. ट्री इतकी खोल जाते तर ही पद्धतच धोक्याची नाही का?

महालकर: तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही पहिलाच घटक पिव्हट घेत असाल, तर अशा यादीवर T(n) = T(n-1) + n होतं. ट्रीला फांद्याच नाहीत, एकच दांडा n खोल. पायथनची मर्यादा मुळात 1000 असते, ती तिथे भरते. कागदावरच्या ट्रीला स्टॅक लागत नाही.

पेपर_तपासणारी: मी शिकवते आणि पेपरही तपासते, म्हणून सरांची बाजू घेते. याच गणितात मुलं उंची log₃⸝₂ n काढतात आणि लगेच पानं 2^उंची लिहितात. ते n^1.71 च्या आसपास जातं, n log n पेक्षा कितीतरी मोठं. मग काही जण ती ओळ खोडतात आणि पाठ असलेलं उत्तर लिहितात. ट्री भरगच्च नाही, डावीकडची पानं लवकर गळतात, हे चित्रात दिसतं. पण पानं नेमकी किती, ते चित्र सांगत नाही.

सब्स्टिट्यूशनमध्ये हा घोळच नाही. T(n) ≤ d·n·lg n धरा, lg म्हणजे 2 च्या पायाचा. आत घातलं की

```
d·n·lg n − d·n·(lg 3 − 2/3) + n
```

उरतं. lg 3 − 2/3 साधारण 0.918, म्हणजे d = 1.1 घेतला की शेवटचा n वजाबाकीत जिरतो. lg 1 = 0 असल्यामुळे बेस केस 1 वर लावता येत नाही, ती पुढे न्यावी लागते, आणि तिच्यासाठी d थोडा वाढवावा लागेल. पण सगळं कागदावर असतं, तपासता येतं.

महालकर: मॅडम, 2^उंचीची चूक मान्य. पण पानं ट्रीवरूनच मोजता येतात. आकार 1 च्या खाली गेला की थांबायचं ठरवा. प्रत्येक पानाचा बाप किमान 1 आकाराचा, म्हणून पान किमान 1/3 चं. फोडताना आकार हरवत नाही, म्हणून सगळ्या पानांची बेरीज n. पानं 3n पेक्षा जास्त होऊच शकत नाहीत. आणि n log n हा अंदाज तुम्हाला सुचला कुठून? ट्रीवरूनच ना?

पेपर_तपासणारी: अंदाज ट्रीवरून, हे खरंच. पण "फोडताना आकार हरवत नाही" हे सगळ्या लेव्हलना लागू होतं म्हणणं हेच इंडक्शन आहे, तुम्ही फक्त ते लिहिलं नाही. शिवाय n/3 पूर्णांक नसला तर? दोन्ही तुकडे वर धरले तर बेरीज n च्या पुढे सरकते.

महालकर: पूर्णांकाचा मुद्दा तुमच्या सब्स्टिट्यूशनलाही तेवढाच लागतो, वरच्या ओळीत तुम्हीही तो सोडलाय.

गेट_चालू: माझं (c+1) चुकलं, कळलं. पण मास्टर थिअरम का नाही लावत?

महालकर: दोन तुकडे असमान आहेत, त्यात बसत नाही. आक्रा-बाझी लागतं, पण ते सिलॅबसमध्ये नसेल तर परीक्षेत त्यावर भिस्त ठेवू नका.

प्रणव_धरमपेठ: मी पानांचं काहीच लिहिलं नव्हतं, फक्त "प्रत्येक लेव्हल n" आणि उंची.

पेपर_तपासणारी: मग मी सहा दिले असते. खालच्या लेव्हल n पेक्षा कमी भरतात हे लिहायला हवं होतं, आणि पानांचा खर्च वेगळा.

महालकर: मी आठ. वरच्या मर्यादेसाठी "जास्तीत जास्त n" एवढं पुरतं.