मदत हवी आहे: महेश्वरच्या लग्नाची तारीख आधी कळवताना काय लिहावं?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, मुलीचं लग्न फेब्रुवारीत महेश्वरला, नर्मदेकाठी आहे. पाहुणे बहुतेक पुण्याचे. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणून व्हॉट्सअॅपवर आत्ताच कळवायचंय.

आधी 'सगळी सोय केली आहे' एवढंच लिहिलं, तर मावशींनी विचारलं, "तिकिटंही तुम्हीच काढताय ना?" आता असं लिहिलंय: 'इंदूरपर्यंत आपण यावं, तिथून महेश्वरची बस, परतीचीही, आणि दोन रात्रींचा मुक्काम आमच्याकडे. विधी घाटावर आहेत, पायऱ्या बऱ्याच, म्हणून सपाट चपला घालाव्यात. संध्याकाळी नदीकाठी गारवा असतो, शाल असू द्यावी.'

खोल्या मोजक्याच आहेत, त्यामुळे किती जण येणार हेही विचारायचंय. पण इंदूरपर्यंतचं भाडं ज्याचं त्याने भरायचं, हे वडीलधाऱ्यांना न दुखावता, तरीही स्पष्ट कळेल असं एका वाक्यात कसं लिहावं?