‘वस्तुमान स्थिर होईपर्यंत तापवा’ : यातल्या ‘स्थिर’चा नेमका अर्थ काय?

शिक्षिका, मुलुंड

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकासाठी मी मराठीत सूचनापत्र लिहीत आहे. मोरचुदातील स्फटिकजल काढण्याच्या प्रयोगात ‘वस्तुमान स्थिर होईपर्यंत तापवा’ हे वाक्य नेहमी येते. तापवून, थंड करून केलेली लागोपाठची दोन वजने सारखी आली की वस्तुमान स्थिर झाले, असा त्याचा अर्थ विद्यार्थी घेतात. एका गटाने सूचना अक्षरशः पाळली. रिकामे क्रुसिबल १८.४२० ग्रॅम होते आणि मोरचुदासह ते २०.९२० ग्रॅम भरले. ओव्हनमध्ये ११५ अंशांवर ठेवल्यानंतर वजन २०.२०३, पुढे २०.१९९ आणि पुन्हा २०.१९९ असे आले. तरीही मोरचुदातील कॉपर सल्फेटच्या एका रेणूमागे पाण्याचे गुणोत्तर ५ न येता ३.६ आले. वस्तुमान तर स्थिर झाले होते. मग चूक वाक्यात आहे की वाक्याच्या अर्थात?

पदवीचा विद्यार्थी, विलेपार्ले

ताई, उत्तर सोपे आहे. तापवणे कमी पडले. ओव्हन सोडा आणि थेट बर्नरची मोठी ज्योत लावा. निळा रंग जाऊन पांढरी पूड दिसली की सगळे पाणी गेले असे समजावे, मग दोनदा वजन करण्याचीही गरज उरत नाही.

निवृत्त रसायन विश्लेषक, चेंबूर

तापवणे कमी पडले हे यांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यावर सुचवलेला उपाय आणि रंगाची खूण या दोन्हींवर विसंबता येणार नाही. ताईंच्या आकड्यांपासूनच सुरुवात करू, कारण ३.६ हे उत्तर बरेच काही सांगते.

मोरचुदातील पाचही पाणी-रेणू एकाच वेळी सुटत नाहीत. दोन रेणू ६० अंशांच्या पुढे, आणखी दोन ११० अंशांच्या आसपास जातात. पाचवा मात्र सल्फेटशी हायड्रोजन बंधांनी घट्ट धरलेला असतो आणि तो सुटायला सुमारे २०० अंश लागतात. म्हणून ११५ अंशांवर चार रेणू गेले की घट थांबते. तिथे तासन्‌तास ठेवले तरी वजन हलत नाही, आणि ते स्थिर आहे हे म्हणणे खोटेही नाही. फक्त ते एक रेणू पाणी असलेल्या मोरचुदाचे स्थिर वस्तुमान आहे.

आता २.५०० ग्रॅममधून चार रेणूंचे पाणी गेले तर घट ०.७२१ ग्रॅम यायला हवी, आणि तुमच्या गटाची घटही नेमकी तेवढीच आहे. मग गुणोत्तर ४ का आले नाही? कारण उरलेल्या १.७७९ ग्रॅममध्ये पाचवे पाणी अजून बसलेले असताना आपण ते सगळे निर्जल कॉपर सल्फेट धरून १५९.६ ने भागतो. त्यामुळे भाजक फुगतो आणि उत्तर ३.६ वर येते. विद्यार्थ्याचे उत्तर ३.६ च्या आसपास दिसले की मी हिशेब तपासण्याआधी त्याला ओव्हनचे तापमान विचारीन.

हेच क्रुसिबल वाळूने भरलेल्या लोखंडी कढईत अर्धे पुरून २२० ते २५० अंशांवर ठेवा. वजन २०.०१८ च्या जवळ स्थिरावेल. म्हणजे घट ०.९०२ ग्रॅम, उरलेले १.५९८ ग्रॅम आणि गुणोत्तर ५.०.

रंगाचे म्हणाल तर एक रेणू पाणी असलेली पूडही फिकट, जवळपास पांढरीच दिसते. ट्यूबलाइटखाली तो फरक डोळ्याला कळणे अवघड असते.

मोठ्या ज्योतीचा धोका उलट दिशेचा आहे. क्रुसिबलचा तळ लाल झाला की कॉपर सल्फेट स्वतःच फुटू लागते, घशाला झोंबणारा पांढरा धूर येतो आणि पुडीच्या कडा काळ्या पडतात, कारण तिथे कॉपर ऑक्साइड तयार होत असते. शंभरातला पाच भाग जरी असा फुटला तरी उत्तर ५.३६ वर जाते. सगळाच फुटला तर ०.७९६ ग्रॅम काळी पूड उरते आणि वजन पुन्हा स्थिर होते! तेव्हा नुसते ‘स्थिर’ म्हणणे अपुरे आहे. कोणत्या तापमानाला स्थिर, हे त्याच वाक्यात यायला हवे.

बागायतदार, दादर

माझी सुपारीची बाग कोकणात आहे. कोळेरोगासाठी आम्ही दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतो. उघडे राहिलेले पोते सर्दावते, खडे हाताला ओले लागतात. ते ओले मोरचूद आधी तापवून वजन स्थिर करून घ्यावे, असे आपण सांगत आहात का?

निवृत्त रसायन विश्लेषक, चेंबूर

नाही काका, फवारणीसाठी मोरचूद तापवू नका. मिश्रणाचे प्रमाण निळ्या, पाच रेणू पाण्याच्या मोरचुदावर बांधलेले असते. पूर्ण तापवलेली पूड त्याच वजनाने घेतली तर तांबे दीडपटीहून जास्त पडेल. खडे सावलीत पसरून वाळू द्या, तेवढे पुरे.

तुमच्या प्रश्नाने मात्र एक मुद्दा आठवला. खड्याला वरून लागलेला ओलावा आणि स्फटिकाच्या रचनेत बसलेले पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत, पण तराजूला तो भेद कळत नाही. ताई, मुंबईच्या पावसाळ्यात नमुना ओलसर असला तर उत्तर ५ च्या वर जाईल आणि दोष ज्योतीवर येईल. बारीक केलेले मोरचूद आधी टिपकागदाच्या दोन घड्यांमध्ये दाबून घ्या. कागदाला ओल लागेनाशी झाली की मगच वजन करा.

दुसरी काळजी थंड करतानाची. गरम क्रुसिबल तराजूवर ठेवले तर वर चढणाऱ्या हवेमुळे वजन कमी भासते, आणि टेबलावर उघडे ठेवले तर पांढरी पूड दमट हवेतून पाणी ओढून घेते. काही वेळाने पुडीच्या वरच्या थरावर निळसर झाक दिसू लागली की समजावे, ते वजन आता उपयोगाचे नाही. झाकण लावून डेसिकेटरमध्येच थंड करावे.

शिक्षिका, मुलुंड

मग वाक्य असे करते : ‘टिपून कोरडे केलेले मोरचूद २२० ते २५० अंश सेल्सिअसवर तापवा, डेसिकेटरमध्ये थंड करून वजन करा, आणि लागोपाठच्या दोन वजनांतील फरक ०.००२ ग्रॅमपेक्षा कमी होईपर्यंत ही कृती पुन्हा करा.’ ‘स्थिर’ हा शब्द शीर्षकात ठेवते, कृतीत फरकाचा आकडाच देते.

पदवीचा विद्यार्थी, विलेपार्ले

तापमानाचा मुद्दा पटला. पण ०.००२ हा आकडा सर्वांना कसा लागू होईल? अनेक ठिकाणी तराजू दोनच दशांश दाखवतो. तिथे घट ०.०१ ग्रॅम कमी मोजली गेली तरी गुणोत्तर ४.९ येते आणि विद्यार्थी ते ५ असेच लिहितो. मग इतक्या बारीक फरकाची अट कशाला?

निवृत्त रसायन विश्लेषक, चेंबूर

दोन दशांशांच्या तराजूवर हळूहळू होणारी घट दिसतच नाही. पाचवे पाणी सावकाश निघत असेल तर सलग दोन वजने सारखी येतील आणि तुम्ही मध्येच थांबाल. अशा ठिकाणी निदान पाच ग्रॅम नमुना घ्यावा आणि प्रत्येक वेळी तापवण्याचा अवधी वाढवावा, असे मला वाटते.

शिक्षिका, मुलुंड

पाच ग्रॅमचा थर जाड होईल आणि तळातले खडे तडतडून बाहेर उडतील अशी मला भीती वाटते. दोन्ही वजनांचे नमुने एकाच कढईत ठेवून पाहते, तोवर सूचनापत्रात आकड्याची जागा रिकामी ठेवत आहे.