मदत हवी आहे: माठाच्या प्रोजेक्टची रिझल्ट स्लाइड, हिशोबाने १८ डिग्री येतंय आणि थर्मामीटर म्हणतो ६

वऱ्हाडी_पोट्टी

नमस्कार सगळ्यांना. मी नववीत आहे, अकोला जिल्हा. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी माठाचा प्रोजेक्ट घेतलाय, मोजमाप मे महिन्यातच करून ठेवलं होतं कारण आमच्याकडे माठाचा खरा जोर तेव्हाच असतो. आता स्लाइड बनवतेय आणि शेवटच्या स्लाइडवर गाडी अडली आहे. आधी काय लिहिलंय ते टाकते.

स्लाइड १, प्रश्न: माठातून जेवढं पाणी बाष्पीभवन होऊन उडतं, त्या हिशोबानेच आतलं पाणी गार होतं का?

स्लाइड २, पद्धत: माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला. सकाळी ९ वाजता त्यात ५ लिटर पाणी (३२ डिग्री) भरलं, झाकण लावलं आणि माठ घराच्या पडवीत सावलीत तिवईवर ठेवला. शेजारी तेवढंच पाणी भरलेली स्टीलची कळशी. दर तासाला दोन्ही वजनकाट्यावर ठेवायचे, वजन लिहायचं, मग पाणी हलवून तापमान घ्यायचं. थर्मामीटर शाळेच्या लॅबचा, १ डिग्रीच्या रेघा असलेला. पडवीतल्या हवेचं तापमानपण लिहिलं. असं दोनतीन दिवस केलं, खाली त्यातल्या एका दिवसाचे आकडे आहेत.

स्लाइड ३, निकाल: ९ वाजता माठ ३२, ११ वाजता २७, १२ वाजता २६ आणि मग ३ वाजेपर्यंत २६ वरच. वजन पहिल्या दोन तासात ६५ ग्रॅम कमी झालं, पुढच्या चार तासात आणखी १००. कळशीचं पाणी ३२ वरून ३६ ला गेलं, वजनात नावाला फरक. हवा ९ ला ३३ होती ती ३ ला ३९.

आता अडचण. दादाच्या दहावीच्या पुस्तकात आहे की १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात. म्हणजे १६५ ग्रॅमला ८९१०० कॅलरी, आणि ५००० ग्रॅम पाण्यातून एवढी उष्णता गेली तर ते जवळपास १८ डिग्री गार व्हायला पाहिजे. झालं फक्त ६. आमच्या मॅडम म्हणतात की परीक्षक हेच विचारतील, मग स्लाइडवर "माठाची कार्यक्षमता ३३ टक्के" लिहून टाकू का? की मोजण्यातच गडबड आहे?

गावाकडचा_अण्णा

बाळा माठाखाली ओली वाळू टाक, वाळूत रोज सकाळ संध्याकाळ तांब्याभर पाणी घालायचं आणि माठाला ओलं गोणपाट गुंडाळायचं. बर्फासारखं पाणी मिळेल. आमच्या शेतावर अजून तसंच आहे, फ्रिज असून कोणी हात लावत नाही. काळा माठ घे, लाल नको.

वऱ्हाडी_पोट्टी

काका धन्यवाद पण मला आणखी गार नाही करायचंय 😅 हिशोब का जुळत नाही ते पाहिजे.

सायन्सवाला_दाद्या

तुझं वजनच चुकीचं आहे. मातीचं भांडं पाणी पिऊन घेतं, शंभरेक ग्रॅम पाणी तर माठाच्या भिंतीतच मुरलं असणार, ते उडालंच नाही. म्हणून तुझा १६५ चा आकडा फुगलाय. खरी वाफ साठेक ग्रॅमच झाली असेल, करून बघ हिशोब, बरोबर ६ डिग्री येतात. प्रश्न सुटला.

निवृत्त_फिजिक्स

दाद्या, हिशोब जुळतो म्हणून कारण खरं ठरत नाही. तिने माठ पाण्यासकट काट्यावर ठेवलाय. भिंतीत मुरलेलं पाणी काट्यावरच आहे, ते कुठे जाणार? तिने मापाने लिटर मोजले असते तर तुझा मुद्दा चालला असता. आणि माठ आदल्या रात्री बुडवून ठेवला होता, तेही तिने लिहिलंय.

पण वजनाबाबत एक शंका मलाही आहे. पोरी, माठाच्या बुडातून थेंब गळत होते का? गळून गेलेलं पाणी वजनातून कमी होतं पण ते काहीच गार करत नाही, कारण ते वाफ न होताच गेलं. तिवईखालची फरशी ओली व्हायची का ते आठव, आणि आधी तेवढं सांग, मग पुढचं लिहितो.

वऱ्हाडी_पोट्टी

सर खाली स्टीलचं ताट ठेवलं होतं, आईने फरशी खराब होईल म्हणून सांगितलं होतं 😀 ताट कोरडंच राहायचं. माठ बाहेरून ओलसर लागायचा पण ओघळ नाही.

निवृत्त_फिजिक्स

उत्तम, मग ताटाचा उल्लेख पद्धतीच्या स्लाइडवर आलाच पाहिजे. परीक्षकाचा एक प्रश्न तिथेच संपला.

आता मूळ गोष्ट. तू असं धरलंस की उडणाऱ्या पाण्याने सगळी उष्णता आतल्या पाण्यातूनच घेतली. माठ काही थर्मासमध्ये ठेवलेला नव्हता. आतलं पाणी २६ आणि बाहेरची हवा ३९, म्हणजे हवा त्याला सारखी तापवतेय. तुझी कळशी तेच तर दाखवतेय, तिथे वाफ नाही तर पाणी ३२ चं ३६ झालं. माठाच्या अंगावरून जी वाफ उडते ती थोडी उष्णता पाण्याकडून घेते आणि थोडी या हवेकडून.

तुझेच आकडे दोन तुकड्यात मांड. त्याआधी ५४० च्या जागी ५८० घे, ५४० हा १०० डिग्रीला उकळणाऱ्या पाण्याचा आकडा आहे, ३० डिग्रीच्या आसपास तो साधारण ५८० असतो. पहिले दोन तास: ६५ गुणिले ५८०, म्हणजे ३७७०० कॅलरी. त्यातल्या पाण्याने किती दिल्या? पाणी ५ डिग्री उतरलं, म्हणजे २५०००. उरलेल्या १२७०० मधल्या थोड्या माठाच्या मातीच्या आणि बाकीच्या हवेच्या. पुढचे चार तास: १०० ग्रॅम म्हणजे ५८००० कॅलरी, आणि पाणी उतरलं फक्त १ डिग्री, म्हणजे ५०००. उरलेल्या ५३००० हवेकडून आल्या.

म्हणजे बघ, सकाळी वाफ मुख्यतः पाण्याला गार करत होती. दुपारी तीच वाफ पाण्याला तापू न देण्याचं काम करत होती. १२ नंतर तापमान हललं नाही म्हणून माठ थांबला असं नाही, तो तेव्हाही तासाला २५ ग्रॅम पाणी उडवत होता. तुझ्या प्रोजेक्टचा निकाल मला हाच वाटतो, आणि "३३ टक्के" ने तो झाकला जाईल. कारण तू ३ ऐवजी ६ वाजेपर्यंत मोजत बसली असतीस तर पाणी २६ च राहिलं असतं, वाफ वाढली असती आणि तुझी टक्केवारी आपोआप खाली आली असती. माठ मात्र तोच.

वऱ्हाडी_पोट्टी

बापरे हे डोक्यातच नव्हतं आलं. मग १२ नंतर २६ च्या खाली का नाही गेलं सर? हवा तर कोरडी होती.

मालवणी_काकू

मी हेच विचारायला आले. आमच्याकडे मे महिन्यात माठातलं पाणी जेमतेम गार लागतं, नवऱ्याला वाटतं मी स्वस्तातला माठ आणला. नागपूरच्या नणंदेकडे साधा माठसुद्धा दातांना कळ लावतो. माती वेगळी असते का तिकडची?

निवृत्त_फिजिक्स

काकू, माठाला दोष देऊ नका, हवेला द्या. थर्मामीटरच्या बल्बला ओली कापसाची वात गुंडाळून वारा घातला की तो जिथे उतरून थांबतो ती ओल्या बल्बची खूण. बाष्पीभवनाने पाणी त्याच्या खाली जात नाही. तुमच्याकडे हवा ३३ आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ती खूण २८ च्या आसपास येते, म्हणजे सोन्याचा भाव देऊन माठ आणला तरी ५ डिग्रीच्या वर काही मिळायचं नाही. अकोल्यात मे च्या दुपारी ३९ डिग्री आणि आर्द्रता वीसबावीस टक्के धरली तर खूण २२ ला येते. या मुलीचा माठ २६ ला थांबला, कारण २२ पर्यंत पोचायच्या आधीच हवेकडून येणारी उष्णता आणि वाफेने जाणारी उष्णता सारखी झाली.

पोरी, ओल्या बल्बचं तापमान मे मध्ये घेतलं होतंस का?

वऱ्हाडी_पोट्टी

नाही सर 😬 तेव्हा हा प्रकार माहीतच नव्हता. फोनवर त्या दिवशीची आर्द्रता सापडली तर चालेल का?

निवृत्त_फिजिक्स

फोनवरची आर्द्रता शहराची, तुझ्या पडवीची नाही, आणि पडवीत कोणी सडा टाकला असेल तर आणखीनच वेगळी. माझ्या मते लिहू नकोस. त्यापेक्षा आता एक दिवस परत मोज. थंडीत उतार कमी दिसेल पण दुसऱ्या थर्मामीटरला ओली वात गुंडाळून दोन्ही शेजारी ठेव. माठ त्या खुणेच्या वरच थांबला की तुझा मुद्दा डिसेंबरमध्येही उभा राहतो.

लॅब_असिस्टंट_७४

मी शाळेत प्रदर्शनाचं काम बघतो, दोन पैसे माझेही. कळशीशी तुलना परीक्षक उडवून लावतात, म्हणतील धातू वेगळा, वजन वेगळं, आकार वेगळा. त्याच कुंभाराकडून तसाच दुसरा माठ आण आणि बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात मार, पूर्ण वाळू दे. माती तीच, आकार तोच, फक्त छिद्रं बंद. मग फरक फक्त पाझरण्याचा आहे हे कोणालाही मान्य करावं लागेल. आणि १ डिग्रीच्या थर्मामीटरवर ५ डिग्री फरकाचे आकडे लिहिताना ते साडेचार की साडेपाच हे तू सांगू शकत नाहीस, तेवढं स्लाइडच्या खाली लिही, ते स्वतःहून लिहिलेलं आवडतं त्यांना.

सायन्सवाला_दाद्या

ओके मुरण्याचा मुद्दा मागे घेतो. पण मग टेबल फॅन लावून दाखव ना, वाऱ्याने वाफ जास्त, पाणी अजून गार. सरळ २२ ला नेता येईल.

निवृत्त_फिजिक्स

वाऱ्याने वाफ वाढते तशी हवेकडून येणारी उष्णताही वाढते. लवकर गार होईल हे नक्की, अंतिम तापमान थोडं खाली जाईलही, पण किती ते मोजल्याशिवाय मी लिहून देणार नाही.

वऱ्हाडी_पोट्टी

सर, काका, सगळ्यांचे आभार. निकालाची स्लाइड अशी केली, वाचून सांगा:

"पहिल्या २ तासात ६५ ग्रॅम पाणी उडालं आणि माठातलं पाणी ५ डिग्री गार झालं. उडणाऱ्या पाण्याने घेतलेल्या उष्णतेपैकी साधारण दोन तृतीयांश आतल्या पाण्यातून आली. पुढच्या ४ तासात १०० ग्रॅम उडालं पण पाणी फक्त १ डिग्री उतरलं. तेव्हा बहुतेक उष्णता बाहेरच्या गरम हवेतून येत होती. त्याच वेळी कळशीतलं पाणी तापत गेलं. तापमान १ डिग्रीपर्यंतच मोजलं आहे."

टक्केवारी काढून टाकली. रंगवलेला माठ रविवारी बाबा आणणार आहेत.

लॅब_असिस्टंट_७४

चांगलं आहे. शेवटून दुसरं वाक्य वर घे, कळशीचं तापणं आधी दिसलं की हवेचा मुद्दा न सांगता कळतो.

मालवणी_काकू

रंगवलेला माठ आणशील तर जुना माठपण ठेव गं शेजारी. आमचा दोन वर्षांचा झालाय, बाहेरून पांढरा खार धरलाय आणि तेव्हापासून आणखीच गार होत नाही असं मला वाटतं.

निवृत्त_फिजिक्स

खाराने छिद्रं बुजतात हे पटण्यासारखं आहे काकू, पण तुमच्याकडच्या दमट हवेत खार आणि आर्द्रता वेगळी काढणं अवघड. अकोल्यात जमेल.

गावाकडचा_अण्णा

खार काढायला नारळाच्या शेंडीने घासा, साबण नको. वाळूचं कोणी मनावर घेतलंच नाही वाटतं.