आजी-आजोबांना बोलतं करणारे प्रश्न : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

गिरणीवाल्याचा नातू

आमचे आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मिलमध्ये साचेखात्यात त्यांची उमेद गेली. दिवाळीत मी मोबाईल समोर ठेवून मोठ्या थाटात विचारलं, "आजोबा, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग कोणता?" ते म्हणाले, "काय नाय बघ. आलं दिवस, गेलं दिवस." चार मिनिटांत खेळ खलास. वर आजीला म्हणाले, "पोरगं पेपरवाल्यागत विचारतंय."

आठ दिवसांनी पुन्हा बसलो. या वेळी एवढंच विचारलं, "पहाटे भोंगा वाजला की घरात आधी कोण उठायचं?" मग चाळीस मिनिटं थांबले नाहीत. भोंग्याआधीच त्यांची आई उठायची. चुलीवर एकीकडे भाकरी, एकीकडे चहा. डब्यात शेंगाची चटणी रोजची, पण पगाराच्या दिवशी डबा न्यायचा नाही असा रिवाज. का, तर त्या दिवशी सगळे मिळून बाहेर भजी खायचे. हे आमच्या वडिलांनाही माहीत नव्हतं.

तुम्ही कुठला प्रश्न विचारला आणि माणूस बोलू लागला, ते लिहा. फसलेले प्रश्न तर आधी लिहा.

पूर्वभागकर

आमची अव्वा विड्या वळायची. मी मराठीत विचारत होते आणि ती शाळा तपासायला साहेब आल्यासारखी उत्तरं देत होती, "सगळं चांगलं होतं." मग मी तेलुगूत, तिच्या घरच्या तेलुगूत विचारलं, "माल द्यायला गेल्यावर छाट किती काढायचे?" तिचा आवाजच बदलला. दिवसभर मान मोडून हजार विड्या वळायच्या आणि समोरच्यानं मूठभर बाजूला टाकायच्या. त्याचे पैसे नाहीत, पण पान-तंबाखूचा हिशेब मात्र तिच्याच माथी. तो राग साठ वर्षांनीसुद्धा ताजा आहे. मी मध्ये फक्त "अवुना अव्वा?" म्हणत राहिले.

नंतर ऐकताना चूक कळली. ती सारखी "पान एवढं कापायचं" म्हणते. एवढं म्हणजे केवढं? तिनं बोटांनी दाखवलं होतं, ते रेकॉर्डिंगमध्ये कुठून येणार?

टिपणवही

तेवढ्यासाठी विचारणाऱ्यानं ते मोठ्यानं बोलून घ्यायचं, "म्हणजे माझ्या मधल्या बोटाएवढं का?" त्या हो म्हणतील, नाहीतर दुरुस्त करतील. दोन्हीही कामाचंच.

मी गेली काही वर्षं गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांची बोलणी नोंदवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोठा प्रश्न विचारला की समोरच्याला आधी अख्ख्या आयुष्याची निवड करावी लागते, आणि ती नको म्हणून माणूस "काय नाय" म्हणून मोकळा होतो. भोंगा, डबा, छाट या धरायला मिळणाऱ्या गोष्टी आहेत. सालही विचारू नका. "कुठल्या साली लग्न झालं?" म्हटलं की चेहरा पडतो. त्याऐवजी "बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या कडेवर कोण होतं?" म्हणा. मूल कोणतं ते कळलं की साल आपोआप निघतं.

दुष्काळाचं "फार हाल झाले का?" असं विचारलं तर "झाले की" एवढंच येतं. मी एका आजींना विचारलं, "मिलोची भाकरी थापताना कशी व्हायची?" त्यांनी परातीत हात असल्यागत तळवे फिरवले आणि म्हणाल्या, "कड फाटायची. लाल व्हायची. पोरं म्हणायची, ही नको." मग खडी फोडायला कोण जायचं, सुकडी कुणाच्या वाट्याला यायची, हे न विचारताच आलं.

आणि उत्तर संपलं असं वाटलं की मनात दहा आकडे मोजा. पुढचा प्रश्न फेकू नका. निम्म्या वेळा खरं बोलणं सातव्या-आठव्या आकड्याला सुरू होतं.

सरळमार्गी

एवढा खटाटोप कशाला? मोबाईल उशीखाली ठेवायचा, सांगायचंच नाही. माणूस मोकळा बोलतो. आमच्याकडं तसंच केलं, मस्त झालं.

टिपणवही

मोबाईल दिसला की माणूस अवघडतो, हे बरोबर. पण पाच-दहा मिनिटांत विसरतो. उशीखालून येतो तो निम्मा आवाज कापसाचा. आणि उद्या ते तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलं, त्यात त्यांच्या जावेबद्दल काही असलं, तर? सुरुवातीलाच विचारा, "हे कोणी ऐकलेलं चालेल? कोणी ऐकू नये?" मोबाईल घडी घातलेल्या टॉवेलवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. विमान मोड लावा, पंखा बंद. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐका, मगच बसा.

सरळमार्गी

सोलापुरात मे महिन्यात पंखा बंद? आजोबाच उठून जातील.

पूर्वभागकर

आमच्याकडं पंख्याचं काय, शेजारी चार माग चालतात. खटखट थांबतच नाही. त्यांची सुट्टी बघून बसावं लागतं. पण अव्वा म्हणते, आवाज नसला की तिला सुचत नाही.

जुना दाखला

मला पण हेच हवं आहे. जात पडताळणीसाठी १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबांचं आडनाव एका दाखल्यावर वेगळं आहे. आजीला कुठले प्रश्न विचारले की कागद कुठं आहे ते सांगेल?

गिरणीवाल्याचा नातू

दादा, धागा तो नाही. पण "आजोबा कुठल्या शाळेत होते, नाव घालायला कोण घेऊन गेलं होतं?" असं विचारून बघा.

नवी पेठ

आमच्या आजोबांनी मार्शल लॉचं असं वर्णन केलं की अंगावर काटा आला. नंतर हिशेब केला. मार्शल लॉ १९३० च्या मे महिन्यातला, चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिलं १२ जानेवारी १९३१ ला. आजोबांचा जन्म ३७ चा! तेवढा भाग कापून टाकावा म्हणतो.

टिपणवही

कापू नका. "हे तुम्ही बघितलं, का कुणी सांगितलं?" असं विचारा. हळू आवाजात, पकडल्यासारखं नको. पुढचा प्रश्न, "सांगताना ते कुठं बसलेले असायचे?"

नवी पेठ

विचारलं. त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, गड्ड्याच्या यात्रेत खांद्यावर बसवून. टोपी घातली म्हणून कसं अडवायचे, ते. पण आता आजोबा म्हणतात, "मला खोटं पाडतोस का?" दोन दिवस बोलले नाहीत. माझा सूर चुकला असेल, किंवा प्रश्नच विचारायला नको होता. अजून ठरत नाही.

गिरणीवाल्याचा नातू

मीही एका जागी अडलोय. मिल बंद झाली त्याबद्दल "कसं वाटलं?" विचारलं तेव्हा आजोबा गप्प. काल म्हटलं, "गेटवर नोटीस लागली त्या दिवशी घरी कसे आलात?" ते म्हणाले, "सायकल हातात धरून. चालत." मी आकडे मोजले. दहा झाले, वीस झाले. मग म्हणाले, "लवकर पोचलो असतो तर तुझ्या आजीनं विचारलं असतं." आणि उठून पाणी प्यायला गेले. पुढं काय विचारू कळेना, म्हणून मीच बंद केलं.

टिपणवही

चांगलं केलंत. पुन्हा बसाल तेव्हा तिथून सुरू करू नका. डब्यापासून करा. यायचं असेल तर ते स्वतःच गेटपाशी येतील. मला एका आजोबांसाठी तीन बैठका लागल्या, दुसरे एक कधीच आले नाहीत.

जुना दाखला

आजीला विचारलं. नाव घालायला आजोबांना त्यांचा मामा घेऊन गेला होता. मास्तरांनी आडनाव विचारलं, मामानं घाबरून स्वतःचंच सांगितलं. आजी सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला. कागद अजून सापडला नाही.