मदत हवी आहे: आई अजून आहे, पण मी आधीच रडून घेतेय

आईला (वय ७१) स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत पसरलेला. केमो दीड महिन्यापूर्वी थांबवली. आता घरीच आहे, दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी. रात्रीच्या गोळ्या मीच देते.

परवा पहाटे तिचा श्वास काही क्षण थांबला आणि माझ्या मनात आलं, ‘सुटली.’ मग श्वास परत सुरू झाला आणि मला स्वतःची शिसारी आली. तेव्हापासून गोळी देताना हात थरथरतो. पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांनी सांगितलंय की ठरलेल्या डोसने वेदना कमी होतात, मरण ओढवत नाही. ते पटतं, तरी अपराधीपणा जात नाही.

दादाला सांगून पाहिलं. “असलं बोलू नकोस,” एवढंच म्हणाला. समुपदेशकांशी एकदा फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, इच्छा असते ती आजारातून सुटण्याची, माणसापासून नव्हे. घर तासाभराहून जास्त सोडता येत नाही.

काल आईनेच विचारलं, “दमलीस ना गं?” मी “नाही” म्हटलं. ती शुद्धीवर आहे, तिला सगळं कळतं. ज्यांनी अशा माणसाला “हो, दमलेय” असं खरं सांगितलं, त्यांनी ते कोणत्या शब्दांत सांगितलं, म्हणजे तिला ओझं झाल्यासारखं वाटणार नाही?