तांबड्या आम्लधर्मी जमिनीत भुईमुगाला सुपर फॉस्फेट: फोकायचं की ओळीत द्यायचं?

मोहोळचा शेतकरी
माझं रान मोहोळ तालुक्यात, काळं, चुनखडीचं. सासरवाडी कुडाळकडची. मेहुण्यानं तिथलं भाताचं एक एकर यंदा मला करायला दिलंय. भात निघाला की डिसेंबरअखेर भुईमूग घ्यायचा आहे, विहिरीला पाणी आहे. माती लालभडक, सामू ५.२, अहवालात स्फुरद 'कमी'. मेहुणा म्हणतो, सुपर फॉस्फेट नांगरटीच्या वेळीच फोकून टाका, तिथं सगळे तसंच करतात. मी इकडं ज्वारीला दोन चाड्याच्या पाभरीनं बी आणि खत एकदम पेरतो. तिथं कसं करू? ओळीत द्यायची मजुरी वसूल होईल का?

डाळिंबवाला, सांगोला
दादा, स्फुरद जमिनीत घट्ट बसतो हे आम्ही रोज भोगतोय. माझ्या बागेचा सामू ८.४ आहे. फॉस्फोरिक ॲसिड ठिबकमधून सोडायला लागलो तेव्हा मुळ्या चालल्या. तुम्हीही तेच करा. ॲसिडनं अडकलेला स्फुरद सुटतो.

माती परीक्षणवाला, पंढरपूर
सांगोल्याच्या दादांचं त्यांच्या बागेपुरतं बरोबर आहे, पण कुडाळला ते चालणार नाही. आपल्याकडं स्फुरदाला धरून ठेवतो चुना. ॲसिडनं ड्रिपरखालचा सामू तेवढ्या जागेपुरता उतरतो, म्हणून फरक दिसतो. कुडाळच्या मातीत धरणारे वेगळे आहेत: लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. माती लाल दिसते तीच मुळी लोहामुळं. तिथं सामू आधीच ५.२ असताना ॲसिड सोडलं तर ॲल्युमिनियम आणखी विरघळेल आणि मुळांची टोकं मार खातील.

आता मूळ प्रश्न. भुईमुगाला हेक्टरी ५० किलो स्फुरदाची शिफारस आहे. म्हणजे एकरी २० किलो, १६ टक्केवाल्या सुपर फॉस्फेटची ५० किलोची अडीच पोती. ती फोकून १५ सेंटिमीटर खोल मिसळली तर एका एकरातली जवळपास आठ लाख किलो माती त्या खतावर हक्क सांगते. तेच खत ३० सेंटिमीटरच्या ओळींमध्ये बोटभर रुंद पट्टीत घातलं तर त्याला भिडणारी माती पंधरा-सोळा हजार किलो. दोन टक्के. लोहाच्या कणांवर स्फुरद धरायच्या जागा मोजक्याच असतात. पट्टीतल्या त्या थोड्या मातीच्या जागा लवकर भरत येतात आणि उरलेला स्फुरद मुळाला मिळतो. शिवाय स्फुरद जमिनीत चालत नाही, जिथं पडला तिथून फार तर दोन-चार सेंटिमीटर. त्यामुळं रोप लहान असताना खत त्याच्या मुळाच्या वाटेवर असणं हीच अर्धी लढाई.

आणि वेळ. नांगरटीला टाकून तीन आठवड्यांनी पेरलंत तर ते तीन आठवडे तुम्ही लोहाला देताय. पहिली पकड काही तासांत-दिवसांत होते, पुढं ती महिनोन् महिने घट्ट होत जाते. पेरणीच्या दिवशीच द्या.

मंगळवेढ्याचा बागायतदार
माझं मत उलटं आहे. पट्टीत दिलं की मुळं पट्टीपाशीच गोळा होतात. बाकीच्या रानात स्फुरद नाही तर मुळं पसरणार कशी? डिसेंबर-जानेवारीत पाणी लांबलं आणि वरचा थर सुकला तर पट्टीतलं खत तसंच पडून राहील. आधी चुना मारा, सामू वर आणा. लोह-ॲल्युमिनियमचा विषयच संपतो आणि मग फोकलेलं खतही लागू होतं. रोगाचं मूळ आम्लता आहे, औषध तिथंच द्यावं.

माती परीक्षणवाला, पंढरपूर
चुन्याचं तुमचं म्हणणं अर्धं मान्य. सामू ५.५ च्या थोडा वर गेला की विरघळलेलं ॲल्युमिनियम बसतं, मुळं मोकळी वाढतात आणि जास्त मातीतून स्फुरद उचलतात. चुन्याचा मोठा फायदा हाच. पण ऑक्साइडं तिथंच राहतात, लाल रंग जात नाही तशी पकडही जात नाही. चुना जास्त झाला तर उलट कॅल्शियमच स्फुरदाला धरतो, म्हणजे कुडाळात मंगळवेढा तयार होतो. चुन्याची मात्रा माती परीक्षणावरून काढून घ्या, पेरणीआधी तीन-चार आठवडे मातीत मिसळा आणि सुपर फॉस्फेटबरोबर एका घमेल्यात कधीच कालवू नका.

मुळं पट्टीपाशी गोळा होतात हे खरं आहे आणि तो पट्टी पद्धतीचा खरा तोटा आहे. ब्राझीलच्या सेराडोतल्या लाल जमिनींत म्हणूनच सुरुवातीला एकदा भरपूर स्फुरद फोकून आणि पुढं दरवर्षी थोडा ओळीत, अशी जोडी वापरली गेली. पण तिथं जमीन स्वतःची आणि हिशोब अनेक वर्षांचा. मोहोळच्या भावांकडं एका हंगामाचं खाचर आणि अडीच पोती आहेत. एवढ्या खतात ओळच परवडते.

कणकवलीची, आता जुळे सोलापूर
माझं माहेर तिकडचं, म्हणून लिहिते. पाभर तिथं चालवायचा विचार सोडा. खाचरं लहान, बांध जवळ, बैल फिरवायला जागा नाही आणि भात कापल्यावर जमीन कडक असते. नांगरून ढेकळं फोडून झाली की दोरी लावून कुदळीनं सरळ काकऱ्या पाडा, आठ-दहा सेंटिमीटर खोल. खत घाला, त्यावर चार बोटं माती ओढा आणि मग दाणे टोकून द्या. दाणा खताला चिकटता कामा नये. आमच्या शेजाऱ्यांनी एकदा सुपरऐवजी डीएपी थेट दाण्याबरोबर टाकलं होतं, ओळीच्या ओळी उगवल्या नाहीत.

खत किती पडतंय ते आधी एका ओळीत बघा. एक एकरात ३० सेंटिमीटरवर ओळी धरल्या तर साडेतेरा हजार मीटर लांबी होते, म्हणजे मीटरला नऊ-साडेनऊ ग्रॅम. दहा मीटर ओळीला शंभर ग्रॅमपेक्षा थोडं कमी तोलून घ्या आणि ज्या बाईच्या हातात खत असेल तिला तेवढंच टाकायला लावा. नाहीतर पहिल्या दहा ओळीत पोतं संपतं.

मजुरीचं विचाराल तर काकरी टोकणीसाठी पाडावीच लागते. जास्तीचं काम खत सोडायचं आणि माती ओढायचं, एवढंच.

मोहोळचा शेतकरी
ताई, पाभरीचं बरं झालं सांगितलंत, मी ती टेम्पोत घालून न्यायला निघालो होतो. पंढरपूरकर साहेब, एक शंका. मेहुणा म्हणतो की फोकलेलं खत भुईमुगाला नाही लागलं तरी पुढच्या भाताला लागतं, वाया काही जात नाही. मग मजुरी कशाला?

मंगळवेढ्याचा बागायतदार
हेच मी म्हणत होतो. जमिनीत बसलेला स्फुरद कुठं पळून जात नाही.

माती परीक्षणवाला, पंढरपूर
मेहुण्यांचं निरीक्षण पक्कं आहे आणि त्यामागं कारणही आहे. पावसाळ्यात खाचरात पाणी उभं राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचं रूप बदलून ते विरघळतं आणि त्यानं धरलेला स्फुरद मोकळा होतो. भाताला म्हणूनच लाल जमिनीतही स्फुरदाची ओढ फारशी जाणवत नाही. पण पाणी उतरून खाचर वाळलं की तेच लोह पुन्हा बसतं, आणि नव्यानं बसलेलं लोह बारीक, भुसभुशीत असतं. त्याचा पृष्ठभाग जास्त, म्हणून पकडही आधीपेक्षा जास्त. तुमचा भुईमूग नेमका याच वेळी पेरला जाणार. त्याच खाचरात भाताचा अनुभव आणि भुईमुगाचा अनुभव वेगळा येतो तो यामुळं.

म्हणून माझं मत असं: या जोडीत स्फुरद द्यायचा तो भुईमुगाला द्या, पेरताना, ओळीत. चिखलणीत पट्टी आपोआप मोडून सगळ्या खाचरात मिसळते आणि भाताला उरलेल्यातला वाटा मिळतोच. फोकलं तर भाताला मिळेल, पण बियाण्याचे, पाण्याचे पैसे ज्या पिकात घातलेत ते उपाशी राहील. भाताची मात्रा किती कमी करायची हे मात्र भात लावायच्या आधी माती तपासून ठरवा, अंदाजानं नको.

आणखी एक. तुमचा अहवाल सोलापुरातून केलेला असेल तर स्फुरद ओल्सन पद्धतीनं काढलेला असणार, ती आपल्या चुनखडीच्या जमिनींसाठी. आम्ल जमिनीला ब्रे पद्धत लावतात. एकाच मातीचे दोन पद्धतींनी दोन आकडे येतात आणि 'कमी-मध्यम-जास्त' ठरवायचे तक्तेही वेगळे. कोणत्या पद्धतीनं काढलाय ते विचारून घ्या.

सेंद्रियवाला, अक्कलकोट
शेणखताचं कुणीच बोललं नाही. सुपर फॉस्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवून आठवडाभर मुरवायचं आणि तेच ओळीत घालायचं. त्यात स्फुरद विरघळवणारे जिवाणू टाकायचे. मग अर्धं खत पुरतं.

माती परीक्षणवाला, पंढरपूर
शेणखत जरूर. त्यातली सेंद्रिय आम्लं लोहाच्या त्याच जागा अडवतात आणि खताचा दाणा थेट मातीला भिडत नाही. ओळीत दिलं तर थोडं शेणखतही पुरतं. पण अर्ध्या मात्रेवर मी सही करणार नाही. जिवाणूंचे निकाल सामू ५.२ ला सारखे येत नाहीत, त्यांच्या भरवशावर खत कमी करू नका.

कणकवलीची, आता जुळे सोलापूर
आणि सुपर ओळीत खोल गेलं की त्यातला कॅल्शियमही खाली जातो. भुईमुगाच्या शेंगा कॅल्शियम मुळातून नाही, आजूबाजूच्या मातीतूनच घेतात. तिकडच्या मातीत तो मुळात कमी. आऱ्या सुटताना ओळीच्या दोन्ही बाजूंना जिप्सम द्या, नाहीतर पाला हिरवागार आणि शेंगा पोचट.

मंगळवेढ्याचा बागायतदार
म्हणजे ओळीत द्यायचं आणि वर जिप्समचाही खर्च करायचा. सुपर वरच्या थरात फोकलं असतं तर शेंगेला कॅल्शियम तिथंच मिळाला असता. माझं मत मी बदललेलं नाही. भाऊ, चार ओळी फोकून, चार ओळीत आणि चार बिनखताच्या ठेवा. महिनाभरानं उपटून बघा.

मोहोळचा शेतकरी
ठेवतो, पण फोकायच्या ओळी बांधाच्या कडेला आणि मधे दोन ओळी मोकळ्या सोडून, म्हणजे खत इकडचं तिकडं जाणार नाही. उपटून नेमकं काय बघायचं? उंची, की मुळी?

माती परीक्षणवाला, पंढरपूर
दोन्ही, पण मुळी आधी. तीस-पस्तीस दिवसांनी खुरप्यानं बाजूची माती काढा, रोप ओढू नका. पट्टीच्या जागी बारीक मुळ्यांचं जाळं दिसायला हवं. मुळीवरच्या गाठी मोजा आणि एक-दोन नखानं फोडा, आतून गुलाबी-लाल निघाल्या तर कामाच्या. बिनखताच्या ओळीत पानं लहान, गडद निळसर-हिरवी आणि रोप खुजं असेल तर स्फुरदाचीच कमी आहे. तिन्ही ठिकाणी रोपं सारखीच पिवळी दिसली तर स्फुरद सोडून आम्लता आणि पाणी तपासा. चुना आता टाकायचा झाला तर तुमच्या हातात दिवस किती आहेत? भात कधी निघतोय?

मोहोळचा शेतकरी
भात निघायला अजून पंधरवडा. पेरणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ढकलली तर चुन्याला वेळ मिळतो. मेहुण्याला विचारून सांगतो, त्याला उन्हाळ्यात विहीर कुठवर पुरते ते ठाऊक आहे.